टाटा आधी येतो, हाय नंतर

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. माझं लेकरू १३ महिन्यांचं झालंय. दिवस भरायच्या ६ आठवडे आधीच जन्मलं, १२ दिवस पेटीत होतं. परवा एका लग्नात सगळे "टाटा कर, हाय म्हण" म्हणून मागं लागले, तर यानं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. जाऊबाईची मुलगी याच्याच बरोबरीची, ती दहाव्या महिन्यापासून सगळ्यांना टाटा करायलीय. नाव घेतलं की हा बघतो, आजोबा दिसले की घ्या म्हणून हात वर करतो, "बाबाबा, दादादा" दिवसभर चालू असतं. पण टाटा नाही. याचे बाबा पुण्याला कामाला आहेत. रोज व्हिडिओ कॉलवर हाय म्हणायला लावतो, तर हा मोबाईलच तोंडात घालतो. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. वाट बघू का दवाखान्यात नेऊ? तीन वर्षांपर्यंत काय काय यायला पाहिजे, तेही सांगा.

ताई,

आधी वयाचा हिशोब नीट करू, कारण निम्मी काळजी तिथंच कमी होईल. पूर्ण दिवसांचं गरोदरपण ४० आठवड्यांचं धरतात. तुमचं बाळ ३४ व्या आठवड्यात आलं. आधी जन्मलेल्या बाळाचा विकास तपासताना जेवढे आठवडे ते लवकर आलं, तेवढे त्याच्या वयातून वजा करायचे असतात आणि हे दोन वर्षांचं होईपर्यंत करायचं. १३ महिन्यांतून दीड महिना गेला, राहिले साडेअकरा. हे त्याचं दुरुस्त वय. म्हणजे तुमच्या लेकराची तुलना १३ महिन्यांच्या मुलांशी करायचीच नाही. जाऊबाईची मुलगी दिवस भरून जन्मली असेल, तर ती त्याच्या बरोबरीची नाही, दीड महिन्यानं मोठी आहे. या वयात दीड महिना म्हणजे फार मोठं अंतर.

आता टाटाचं वय. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली. त्यात टाटा करणं १२ महिन्यांच्या खाली लिहिलंय. ही यादी कशी वाचायची हे मात्र कुणी सांगत नाही. एखादी गोष्ट १२ महिन्यांच्या खाली आहे, याचा अर्थ त्या वयापर्यंत चारांतल्या किमान तीन मुलांना ती येते असा धरलेला आहे. उरलेल्या मुलांतली बरीचशी पुढच्या काही आठवड्यांत शिकतात, थोड्यांना मदत लागते. टाटा नवव्या महिन्यात आला काय आणि तेराव्या महिन्यात आला काय, दोन्ही चालतं. फक्त तो एकटाच मागं राहिलाय, का त्याच्या आजूबाजूच्या गोष्टीही मागं राहिल्यात, हे बघायचं.

आजूबाजूच्या गोष्टी कोणत्या, हे कळण्यासाठी टाटा कसा घडतो ते बघू. आपल्याला वाटतं, हात हलवणं ही हाताची गोष्ट आहे. हात तर चार महिन्यांचं पोरही हलवतं. टाटा करायला बाळाला चार कामं एकाच वेळी जमावी लागतात. समोरच्या माणसाकडे लक्ष द्यायचं, ते माणूस आता जाणार आहे हे ओळखायचं, आईनं केलेला हातवारा आपल्या हातानं करून बघायचा, आणि हे सगळं ते माणूस दिसेनासं होण्याआधी करायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. म्हणून पुष्कळ बाळांचा पहिला टाटा उशिरा पडतो. पाहुण्यांची गाडी वळणावरून गेली की मग लेकरू रिकाम्या रस्त्याकडे बघून हात हलवतं. घरचे म्हणतात, "आता काय उपयोग?" पण तोच खरा पहिला टाटा असतो. त्याला विचार करायला वेळ लागला, एवढंच.

तो ओळखूही येत नाही बऱ्याचदा. सुरुवातीला नुसती मूठ उघडझाप होते, किंवा अख्खा हात खांद्यापासून वरखाली हलतो. काही मुलं तळवा स्वतःच्या तोंडाकडे ठेवून टाटा करतात, कारण कुणी हात हलवताना त्यांना समोरच्याचा तळवाच दिसतो, मग आपणही तळवा बघतच हलवायचा असं त्यांना वाटतं. पुढं ते आपोआप सुटतं. तुमचं बाळ असं काही करत असेल आणि तुमच्या नजरेतून निसटत असेल, ही शक्यता मी धरून चालते.

या चार कामांची मुळं फार आधीची आहेत. दोनेक महिन्यांचं बाळ तुमचा चेहरा बघून हसतं. चौथ्या महिन्यात तुम्ही बघावं म्हणून ते आपणहून हसतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास तुम्ही बोललात की ते "अंगूऽ" करतं, थांबतं, परत तुमची पाळी येऊ देतं. हाय आणि टाटामध्ये जी देवाणघेवाण असते ती इथं सुरू झालेली असते, फक्त हात आणि शब्द अजून आलेले नसतात. नवव्या महिन्यापर्यंत नाव घेतलं की वळून बघणं, पदराआड तोंड लपवून "भो" केलं की हसणं, उचलून घ्या म्हणून हात वर करणं या गोष्टी दिसू लागतात. त्याच सुमारास कळणं करण्याच्या पुढं धावतं. "टाटा" म्हटलं की हात हलत नाही, पण नजर दाराकडे जाते. हे दिसलं तर शब्द पोचलाय असं समजा.

तुमच्या पत्रातलं या मापानं तोलते. नावाला बघतो, हात वर करतो, बाबाबा-दादादा करतो. साडेअकरा महिन्यांच्या बाळाला हे शोभणारं आहे. तोंड खुपसण्याची तर मला बिलकूल काळजी वाटत नाही. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून बाळाला ओळखीचं आणि परकं माणूस वेगळं कळू लागतं आणि परक्याची भीती वाटते. दीड वर्षापर्यंत ती चांगलीच जोरात असते. लग्नाचा मांडव, बँडचा आवाज, आणि चार अनोळखी माणसं चेहऱ्याजवळ येऊन हात हलवतात, तेव्हा बाळ आधी आईला घट्ट धरणार. ते आईकडे वळलं, ही उलट चांगली गोष्ट आहे. लग्नात लेकराची परीक्षा घेऊ नका आणि दुसऱ्यांनाही घेऊ देऊ नका. "त्याला जरा झोप आलीय" म्हणून मोकळ्या व्हा.

पत्रात दोन गोष्टी नाहीत, त्या तुम्ही येत्या आठवड्यात बघा. पहिली, तुम्ही बोटानं एखादी लांबची वस्तू दाखवलीत, समजा झाडावरचा कावळा, तर तो तुमच्या बोटाकडेच बघत राहतो, का बोट जिकडे आहे तिकडे नजर नेतो? दुसरी, टाटा सोडून दुसरा कुठला हातवारा तो करतो का? टाळ्या, "जय बाप्पा कर" म्हटल्यावर हात जोडणं, नको असलं की मान फिरवणं किंवा हातानं ढकलणं, खेळणं तुमच्या हातात देणं. परदेशी यादीत टाटा लिहिलाय म्हणून टाटालाच धरून बसायचं कारण नाही. आपल्याकडं कित्येक घरांत जय बाप्पा टाटाच्या आधी शिकवतात, आणि मोजताना मी त्याला टाटाइतकंच वजन देते.

आता शिकवायचं कसं. टाटा खऱ्या निघण्याच्या वेळीच शिकवायचा. दुपारी बाळाला पुढ्यात बसवून दहा वेळा "टाटा कर, टाटा कर" म्हणण्यात काही हशील नाही, कारण कुणी कुठं चाललेलंच नसतं. तुमच्या घरात रोज सकाळी आजोबा शेतात जात असतील, तर तोच तुमचा धडा. बाळाला कडेवर घेऊन रोज त्याच दारात उभ्या राहा. कडेवर असताना मात्र त्याला तुमचा हात नीट दिसत नाही, म्हणून हात हलवायचं मुख्य काम आजोबांचं. त्यांनी चार पावलं जाऊन वळायचं, बाळाच्या डोळ्यांत बघायचं, "टाटा!" म्हणून सावकाश हात हलवायचा आणि तिथंच थांबायचं. मग तुम्ही दोघांनीही गप्प राहायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. हे दहा आकडे फार महत्त्वाचे आहेत. आपण मोठी माणसं दोन आकड्यांतच परत "कर ना, कर ना" सुरू करतो आणि बाळाची जुळवाजुळव मोडतो. या वेळात बाळाचा हात थोडा जरी उचलला, बोटं जरी हलली, तरी आजोबांनी तो टाटा मानून मोठ्या आनंदानं परत हात हलवायचा. आपण हात हलवला की माणूस उत्तर देतं, हे बाळाला त्यातून कळतं. त्या उत्तरासाठीच ते उद्या परत करेल.

दहा आकडे होऊनही काही झालं नाही, तर तुम्ही त्याचा हात मनगटाशी हळूच धरून एकदा हलवा. एकदाच. चार-पाच दिवसांनी मनगट सोडून नुसता कोपराला स्पर्श करा, नंतर तोही नको. हात ओढून घेतला तर लगेच सोडा. रोज हात धरून हलवत राहिलं, तर टाटा म्हणजे आईनं माझा हात हलवायचा, असंच लेकरू शिकतं.

सुरुवातीला घरात एकच शब्द ठरवा. एक जण टाटा, दुसरा बाय, तिसरा "राम राम म्हण" असं एकाच दारात चाललं, तर पहिला हातवारा बसायला वेळ लागतो. भाषांचं मात्र तसं नाही. तुमच्या भागात शेजारी कानडी किंवा उर्दू बोलत असतील, तर त्यानं लेकरू उशिरा बोलेल ही भीती मनात आणू नका. दोन भाषा ऐकल्यानं बोलणं मागं पडत नाही.

हाय नंतर का येतो, तेही सांगते, कारण तुम्ही दोन्ही एकदम शिकवताय. निघण्याला आधी खुणा असतात. आजोबांनी टोपी घातली, चपला घातल्या, दाराकडे निघाले, हे बाळ रोज बघतं आणि तयार होतं. येणाऱ्या माणसाला अशी खूण नसते. दार उघडतं आणि चेहरा एकदम समोर येतो. त्या क्षणी बाळ हा कोण, हे ओळखण्यात गुंतलेलं असतं. म्हणून हायचा सराव घरच्याच माणसानं खेळातून द्यावा. तुम्ही दाराच्या पडद्याआड जा, डोकं बाहेर काढा, "हाऽय!" म्हणून हात हलवा, परत लपा. भो करण्याचाच हा प्रकार, फक्त शब्द बदललेला. काही वेळानं तुम्ही पडद्याआड जास्त वेळ थांबा, आणि बघा तो तुम्हाला बोलवायला काही आवाज किंवा हालचाल करतो का.

व्हिडिओ कॉलला माझी ना नाही. बाबा पुण्यात असतील, तर तेच बाळाचं बाबांशी भेटणं आहे. फक्त फोन त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर, डब्याला टेकवून ठेवा, म्हणजे तोंडात जाणार नाही. बाबांनी हाय म्हणायला लावू नये. त्यांनी स्वतः हात हलवावा, टाळ्या वाजवाव्यात, मग थांबावं. नेटवर्कमुळं आवाज मागंपुढं होतो, म्हणून जरा जास्तच थांबावं. आणि कॉल संपवताना पटकन कापू नये. "टाटा" म्हणून हात हलवत काही क्षण दिसत राहावं. गाणी लावून हातात दिलेला फोन ही मात्र वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच म्हणते, आणि दोन वर्षांपर्यंत बसून स्क्रीन बघण्याची शिफारस करत नाही. फोनमधलं कार्टून हात हलवतं, पण तुमच्या बाळासाठी दहा आकडे थांबत नाही, आणि बाळानं उत्तर दिलं तरी कार्टूनला ते कळत नाही.

सासूबाईंचं म्हणणं थोडंसं खरं आहे. सरासरी बघितली तर मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात. पण हे अंतर लहान असतं आणि त्यानं हातवारे, नजर, नावाला वळणं यांची गैरहजेरी झाकता येत नाही. "मुलगा आहे" म्हणून दीड-दोन वर्षं थांबलेली लेकरं मी बघते, तेव्हा मनाला फार लागतं, कारण त्यातल्या काहींना ऐकूच येत नसतं.

आणि ऐकण्यावरून तुमच्यासाठी खास सांगते. टाटा येवो न येवो, ही तपासणी करायचीच. जे बाळ पाच दिवसांहून जास्त नवजात अतिदक्षता विभागात राहिलंय, त्याला ऐकण्याची अडचण असण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. जोराची कावीळ झाली असेल किंवा काही विशिष्ट अँटिबायोटिक दिलं असेल, तर आणखी जास्त. "थाळी वाजवली की दचकतो" यावर जाऊ नका. मोठा आवाज ऐकू येणारं बाळही हळू बोललेलं गमावत असू शकतं. अशा बाळांना कानात छोटी नळी ठेवून करायची साधी चाचणी पुरेशी नाही, ती कानाच्या नसेतला दोष चुकवू शकते. म्हणून बेरा नावाची तपासणी मागा. डोक्यावर तारा चिकटवून झोपेत करतात, दुखत नाही. लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदाही पहिल्या महिन्यात तपासायचा असतो. ते झालं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. झालं नसेल तर आता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ज्याला अंगणातला माणूस नीट दिसत नाही, ते त्याला टाटा कसं करणार?

पुढं तीन वर्षांपर्यंतचं सांगते, सगळं दुरुस्त वयानंच मोजा, दोन वर्षांनंतर मात्र जन्मतारखेनं. सव्वा वर्षापर्यंत आई-बाबांखेरीज एखाद-दोन शब्द म्हणायचा प्रयत्न दिसतो आणि हवी ती वस्तू बोटानं मागणं सुरू होतं. दीड वर्षाचं लेकरू नुसतं मागायला नाही, तर "ते बघ" म्हणून दाखवायला बोट करतं आणि तुम्ही बघितलंत का, हे वळून तपासतं. मला विचाराल तर हे दाखवणं टाटापेक्षा कितीतरी मोठं आहे. हायसारखे शब्द पुष्कळदा याच काळात येतात, आणि सांगितल्याशिवाय केलेला टाटाही. दोन वर्षांत दोन शब्द जोडले जातात, "टाटा आजी", "बाबा आले". मान हलवून हो म्हणणं, फ्लाइंग किस देणं असे नवे हातवारे येतात. अडीच वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द असतात. तीन वर्षांचं मूल आपलं नाव सांगतं, आणि तुम्ही एक विचारलं की उत्तर देऊन पुढं एक स्वतः विचारतं. बाहेरच्या माणसालाही त्याचं बोलणं बहुतेक वेळा कळतं. तरीही तीन वर्षांचं लेकरू पाहुण्याला हाय न म्हणता तुमच्या मागं लपलं, तर तो त्याचा स्वभाव असू शकतो. घरच्यांशी ते कसं बोलतं, त्यावरून ठरवायचं.

थांबायचं किती, हे आता सोपं आहे. आणखी दोन आठवड्यांनी तो दुरुस्त वयानं वर्षाचा होईल. तोवर टाळी, जोडलेले हात, देणं-घेणं असा कुठलाही एक हातवारा पक्का दिसत असेल, तर टाटासाठी निश्चिंतपणे वाट बघा आणि दारातला सराव चालू ठेवा. त्या दिवशी यातला एकही हातवारा नसेल, तर दाखवायला न्या. जन्मतारखेनं साडेसोळा महिन्यांना, म्हणजे दुरुस्त सव्वा वर्षाला, बोट दाखवणं सुरू झालेलं नसेल तरी न्या. दुरुस्त १६ महिन्यांना एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांना दोन शब्दांचं वाक्य नाही, तरी न्या. आणि कुठल्याही वयात येत असलेली गोष्ट गेली, म्हणजे टाटा करत होता तो बंद झाला, नावाला बघत होता तो बघेनासा झाला, तर एक आठवडाही थांबू नका.

न्यायचं कुठं? आशाताई बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी घरी येतात. पंधराव्या महिन्याची भेट तुमच्यासाठी पुढंच आहे, त्यांना हे पत्रातलं सगळं सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्या चिठ्ठीवर जिल्हा पातळीच्या बालविकास तपासणी केंद्रात कान, डोळे, बोलणं, वागणं सगळ्यांची तपासणी एकाच ठिकाणी होते आणि ती मोफत असते. जाताना पेटीतल्या १२ दिवसांचं डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. आणि त्याआधी घरी मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा: आजोबा निघताना बाळ काय करतं, भो केल्यावर काय करतं, पाठीमागून हळू नाव घेतल्यावर काय करतं. दवाखान्यातल्या परक्या खोलीत ते यातलं काहीही करून दाखवणार नाही, आणि तपासणाऱ्याला तेच बघायचं असतं.